एक क्लॅम्प आणि अख्खं घर: काही महिन्यांच्या वापरानंतर

मेन स्विचमधून निघणाऱ्या फेजच्या वायरला एकच करंट क्लॅम्प लावायचा आणि तेवढ्यावरून घरात आत्ता कोणतं उपकरण चालू झालं ते ओळखायचं, ही व्यवस्था मी बरेच महिने वापरतोय. निकाल आधीच सांगून टाकतो. फ्रिज, पाण्याचा पंप, मायक्रोवेव्ह आणि हेअर ड्रायर ही मंडळी क्वचितच चुकतात. गीझर, किटली आणि इस्त्री यांची आपापसांत गल्लत होते, त्यावर अर्धा इलाज आहे. इन्व्हर्टर एसी मात्र जवळपास निसटतोच. हे सगळं वापरताना एक गोष्ट पक्की कळली: कुठला क्लासिफायर घेतला यानं फारसा फरक पडत नाही. त्याच्या आधी वजाबाकी कशी केली, यानं पडतो.

सामानाबद्दल थोडक्यात. क्लॅम्प १०० अँपिअरला ५० मिलीअँपिअर देणारा, सोबत २२ ओहमचा बर्डन रेझिस्टर आणि ३.३ व्होल्टवर चालणारा, १२ बिटच्या एडीसीचा मायक्रोकंट्रोलर. सेकंदाला ४००० नमुने, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका चक्रात ८०. क्लॅम्प फक्त फेजच्या वायरभोवती हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतले तर रीडिंग शून्याच्या आसपास येतं. जबडा नीट मिटला नसेल तर रीडिंग कमी येतं आणि ते पटकन लक्षातही येत नाही. बोर्ड उघडायचं काम वायरमनकडूनच करून घ्यावं. बर्डन जोडल्याशिवाय क्लॅम्प चालू वायरला लावू नये, कारण उघड्या सेकंडरीवर धोकादायक व्होल्टेज चढू शकतं.

या जोडणीत १ अँपिअरला ११ मिलीव्होल्ट मिळतात आणि एडीसीची एक पायरी साधारण ०.८ मिलीव्होल्टची असते. ५० मिलीअँपिअर घेणाऱ्या एलईडी दिव्याचे होतात ०.५५ मिलीव्होल्ट, म्हणजे एक पायरीसुद्धा नाही. त्यामुळे दिवे आणि फोनचे चार्जर ओळखायची हौस मी पहिल्यापासून ठेवलीच नाही.

आता मुद्द्याचं. या विषयाचा पाया एमआयटीच्या जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात घातला आणि त्यांचा १९९२ चा लेख आजही सगळे वाचतात. एकूण वीजवापरात पायरी दिसली की काहीतरी चालू किंवा बंद झालं, आणि पायरीच्या मापावरून ते काय हे ठरवायचं, अशी त्यांची रीत. पण ती पायरी ते रिअल आणि रिॲक्टिव्ह अशा दोन पॉवरमध्ये मोजत, आणि त्यासाठी व्होल्टेजही मोजावं लागतं. आपल्याकडे क्लॅम्प एकटाच. करंट कळतो, पण तो व्होल्टेजच्या किती मागे आहे ते कळत नाही.

मग बहुतेक जण आरएमएस करंटची पायरी घेतात. ती कशी दगा देते ते एका उदाहरणात पाहू. गीझर चालू आहे, ८ अँपिअर. तो निव्वळ रेझिस्टिव्ह, म्हणून त्याचा करंट व्होल्टेजच्या बरोबरीनं चालतो. त्यात फ्रिजचा कंप्रेसर सुरू झाला: १ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.६. बेरीज ९ येत नाही. ती ६४ + १ + २ × ८ × १ × ०.६ = ७४.६ याचं वर्गमूळ, म्हणजे ८.६४ येते. पायरी दिसली फक्त ०.६४ अँपिअरची. तोच फ्रिज, गीझर बंद असताना सुरू झाला तर जवळपास पूर्ण १ अँपिअर दाखवतो. आणि पंप चालू असेल, ज्याचा करंट फ्रिजसारखाच मागे रेंगाळतो, तरीही जवळपास १. एकाच उपकरणाची पायरी शेजारी कोण चालू आहे त्यावर बदलत राहिली, तर बिचाऱ्या मॉडेलनं शिकायचं तरी काय?

उपाय असा की आरएमएसची वजाबाकी करायचीच नाही, तरंगाची करायची. घटनेच्या आधीची १० चक्रं आणि घटना स्थिरावल्यानंतरची १० चक्रं घ्या आणि दुसऱ्यातून पहिली वजा करा. उरतो तो फक्त नव्या उपकरणाचा करंट, पूर्ण १ अँपिअर, त्याच्या खऱ्या आकारासकट. अट एकच: दोन्ही तुकडे चक्राच्या त्याच बिंदूवर सुरू व्हायला हवेत. म्हणून सॅम्पलिंग मध्ये थांबू द्यायचं नाही आणि दोन तुकड्यांमधलं अंतर पूर्ण चक्रांत ठेवायचं.

कागदावर हे इथे संपतं, घरात नाही. ग्रिडची फ्रिक्वेन्सी बरोबर ५० वर टिकून नसते. समजा ती ४९.९५ आहे, आणि मोटर स्थिरावावी म्हणून दोन तुकड्यांत १.२ सेकंदांचं अंतर ठेवलंय. तेवढ्या वेळात तरंग ०.०६ चक्रानं, म्हणजे २१.६ अंशांनी सरकतो. सरकलेला ८ अँपिअरचा गीझर मूळच्या गीझरमधून वजा केला की ३ अँपिअरचं भूत शिल्लक राहतं. फ्रिजचा १ अँपिअर त्यात कुठल्या कुठे गडप! हे ओळखायची खूणही सोपी आहे. फक्त गीझर चालू ठेवून, दुसरं काहीही न लावता वजाबाकी करून बघा. उरलेला आकडा शून्याच्या जवळ नसून हेलकावे खात असेल, तर दोष इथेच आहे.

दुरुस्ती घटनेच्या आधीच्या करंटमधूनच होते. लागोपाठच्या दोन तुकड्यांत मूळ फ्रिक्वेन्सीचा फेज किती सरकला ते पाहायचं, ते प्रमाण पुढच्या अंतराला लावायचं आणि प्रत्येक हार्मोनिक त्याच्या पटीत फिरवायचा. तिसरा तिप्पट, पाचवा पाचपट. खाली `a` आधीचा तुकडा, `b` नंतरचा आणि `delta` म्हणजे अपेक्षित सरक, रेडियनमध्ये.

```python
A, B = np.fft.rfft(a), np.fft.rfft(b)
k = np.arange(len(A)) / 10
D = np.abs(B - A * np.exp(1j * k * delta))
h1, h2, h3, h5 = D[10], D[20], D[30], D[50]
```

यातली मला आवडलेली गोष्ट अशी की मागे मोठा भार असतो तेव्हाच दुरुस्तीची खरी गरज असते, आणि तेव्हाच फेज अचूक मोजता येतो. मागे काहीच नसेल तर फेजचा अंदाज भरकटतो, पण तेव्हा वजा करायलाही फारसं काही नसतं.

फीचर्स मी मोजकेच ठेवलेत: नव्या करंटचं माप, दुसरा, तिसरा आणि पाचवा हार्मोनिक मूळच्या किती पट, क्रेस्ट फॅक्टर, आणि सुरुवातीचा पीक स्थिर करंटच्या किती पट. शेवटचं फीचर फ्रिज आणि पंपासाठी उत्तम, कारण मोटर सुरू होताना काही क्षण चालू करंटच्या कितीतरी पट ओढते. जुन्या धाटणीच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या मायक्रोवेव्हला मात्र त्यावर पारखू नये. स्विच चक्राच्या कुठल्या क्षणी लागला त्यावर ट्रान्सफॉर्मरचा झटका ठरतो, म्हणून तो कधी प्रचंड असतो आणि कधी नसतोच. त्याच्यासाठी तिसरा हार्मोनिक जास्त विश्वासाचा.

हेअर ड्रायरची गंमत वेगळीच. अनेक ड्रायर कमी वेगावर एका डायोडमधून चालतात, म्हणजे अर्धाच तरंग वापरतात. अशा तरंगात दुसरा हार्मोनिक मूळच्या ४२ टक्क्यांच्या आसपास येतो. घरातल्या इतर उपकरणांत सम हार्मोनिक जवळपास नसतातच, त्यामुळे हा एकच आकडा पाहून ड्रायर हात वर करतो. अशा करंटमधला डीसी भाग क्लॅम्पमधून येत नाही, उलट गाभा थोडा संपृक्त करतो. त्यामुळे नेमकं ४२ दिसेलच असं नाही, पण गल्लत होण्याइतकं कमीही येत नाही.

क्लासिफायर म्हणून छोटा रँडम फॉरेस्ट आहे. के-निअरेस्टनंही काम भागलं असतं. सर्वाधिक मतं ६० टक्क्यांखाली असली की उत्तर ‘अनोळखी’. हा वर्ग ठेवाच, नाहीतर नवं उपकरण घरात आलं की मॉडेल बिनदिक्कत जुन्या कुणाचं तरी नाव ठोकून देतं. आणि चाचणी घेताना घटना सरमिसळ करून वाटू नका. एकाच सकाळच्या गीझरच्या जुळ्या घटना दोन्हीकडे गेल्या की गुण फुगतात. सुरुवातीचे आठवडे शिकायला, नंतरचे तपासायला, अशी काळानुसार वाटणी केली की खरा चेहरा दिसतो. एकूण अचूकतेवरही जाऊ नका. फ्रिज दिवसभर चालू-बंद होत असतो, तो एकटाच सरासरी वर खेचतो. प्रत्येक उपकरणाचा हिशेब वेगळा मांडा.

गीझर, किटली आणि इस्त्री यांचं दुखणं मात्र फीचर्सनी सुटणारं नाही. तिघांचाही तरंग स्वच्छ साइन, झटका नाही, हार्मोनिक नाही. उरतं फक्त माप, आणि व्होल्टेज बदलला की तेही बदलतं. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो. व्होल्टेज २१५ वर आला की ८.१. म्हणजे १८५० वॅटची किटली २३० वर जे घेते, जवळजवळ तेच. मी यावर काढलेला तोडगा असा: चालू होताना फक्त ‘तापवणारं काहीतरी’ एवढंच म्हणायचं आणि नाव बंद झाल्यावर द्यायचं. थोड्या मिनिटांत एकदाच बंद झाली ती किटली, थोडक्या वेळात पुन्हापुन्हा चालू-बंद होत राहिली ती इस्त्री, बराच वेळ सलग चालला तो गीझर. नाव उशिरा मिळतं, पण बरोबर मिळतं. भरलेल्या किटलीनंतर लगेच दुसरी लावली तर ती इस्त्रीत जमा होते, हे सोडून देतो.

बंद होण्याच्या घटनांना सुरुवातीचा झटका नसतो, म्हणून त्यांच्यासाठी तेच मॉडेल वापरू नये. त्या वेळी चालू असलेल्यांच्या यादीत ज्याचं माप आणि हार्मोनिक जुळतात, त्याच्या नावावर ती घटना टाकायची.

इन्व्हर्टर एसीबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. त्याचा कंप्रेसर हळूहळू वेग घेतो, करंट मिनिटभर चढत राहतो, आणि पायरीच नसेल तर आधीचं-नंतरचं कशातून काय वजा करणार? उलट त्याच्या त्या सावकाश चढण्यामुळे दुसऱ्या उपकरणांच्या वजाबाकीतही थोडी घाण मिसळते. एसी असलेल्या घरात त्याच्या स्वतंत्र सर्किटला दुसरा क्लॅम्प लावा आणि ते रीडिंग मुख्य रीडिंगमधून नमुन्यागणिक वजा करा. दोन्ही क्लॅम्प एकाच एडीसीच्या घड्याळावर वाचले जातात ना, एवढं पाहा. वेगवेगळ्या बोर्डांवर वाचले तर फेज सरकण्याचा तोच त्रास पुन्हा सुरू होतो.