थंडरबर्डमध्ये अख्ख्या मेलबॉक्सचा बॅकअप आणि रिस्टोअर: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

आमचं सांगलीत हार्डवेअरचं होलसेल दुकान आहे आणि दुकानाचा मेल स्वतःच्या डोमेनवर चालतो. पार्ट्यांची बिलं, कोटेशन, बँकेची स्टेटमेंटं, ट्रान्सपोर्टच्या पावत्या सगळं त्यातच येतं. होस्टिंगची जागा भरत आली होती आणि होस्टिंगवाला पण बदलायचा होता, म्हणून गेल्या वर्षी थंडरबर्डवर पूर्ण बॅकअप घ्यायला सुरुवात केली, नंतर तो बॅकअप खरंच रिस्टोअर करायची वेळ पण आली. विंडोजवर, आयमॅप अकाउंटसाठी जे केलं ते लिहितोय, पॉपवाल्यांचं थोडं वेगळं असतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट. थंडरबर्डमध्ये सगळे मेल दिसतात म्हणजे बॅकअप झाला असं बरेच जण धरून चालतात, पण आयमॅप म्हणजे सर्व्हरचा आरसा आहे. सर्व्हरवरून मेल उडाला की पुढच्या सिंकला तुमच्या कॉम्प्युटरवरून पण उडतो. म्हणजे होस्टिंग बंद झालं, किंवा कोणी मोबाईलवरून चुकून अख्खा फोल्डर डिलीट केला, की घरातली कॉपी पण गेली. बॅकअप म्हणजे जी फाईल सिंकला हात लावता येणार नाही अशा ठिकाणी वेगळी पडलीय तीच.

दुसरं म्हणजे मेल दिसतो याचा अर्थ तो पूर्ण उतरलाय असं पण नाही. नुसती हेडर, म्हणजे विषय आणि पाठवणाऱ्याचं नाव, आलेली असतात आणि आतला मजकूर क्लिक केल्यावर सर्व्हरवरून येतो. म्हणून अकाउंट सेटिंगमध्ये `Synchronization & Storage` उघडा, तिथे या अकाउंटचे सगळे फोल्डर या कॉम्प्युटरवर ठेवा अशी टिक हवी, खाली कितीही जुने असले तरी सगळे मेल सिंक कर हा पर्याय हवा, आणि अमुक केबीपेक्षा मोठे मेल उतरवू नको अशी टिक असेल तर ती काढा, कारण आपल्या कामाच्या बिलांच्या पीडीएफ त्याच मेलमध्ये असतात. मग रात्रभर मशीन चालू ठेवा.

उतरलं की नाही हे बघायची सोपी रीत आहे. `Work Offline` करा आणि पाच सहा वर्षांपूर्वीचे, अटॅचमेंटवाले मेल उघडून बघा. पूर्ण उतरले असतील तर लगेच उघडतात, नसतील तर मजकुराच्या जागी या मेलचा मजकूर ऑफलाइन वाचण्यासाठी उतरवलेला नाही असं इंग्रजीत लिहून येतं. आमच्याकडे इनबॉक्स व्यवस्थित होता पण सेंटच्या आतल्या एका जुन्या फोल्डरमध्ये हेच आलं, त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन `Synchronization` खाली `Download Now` दिल्यावर ते सुटलं. ही तपासणी केल्याशिवाय फाईल कॉपी करायची नाही, कारण फाईल तर बनतेच, आत काय आहे ते ती सांगत नाही.

थंडरबर्डचं स्वतःचं एक्सपोर्ट पण आहे, टूल्समध्ये, सगळ्या प्रोफाइलची झिप बनवतं. पण २ जीबीच्या वर प्रोफाइल असेल तर स्वतः कॉपी करा असं तेच सांगतं, आणि आमचं त्याच्या कितीतरी पुढे होतं. म्हणून फाईलच कॉपी करतो. `Help` मध्ये `Troubleshooting Information` उघडून `Open Folder` दिलं की प्रोफाइलचा फोल्डर समोर येतो, किंवा अ‍ॅड्रेस बारमध्ये हे टाकलं तरी चालतं:

```
%APPDATA%\Thunderbird\Profiles
```

आत `ImapMail` आहे, त्यात सर्व्हरच्या नावाचा फोल्डर. तिथे `INBOX` नावाची फाईल दिसेल, पुढे एक्स्टेन्शन काहीच नाही, तोच तुमचा अख्खा इनबॉक्स, एमबॉक्स फॉरमॅटमध्ये एकामागोमाग सगळे मेल. शेजारची `INBOX.msf` ही फक्त सूची आहे, ती पुन्हा बनते. आणि `INBOX.sbd` या फोल्डरमध्ये इनबॉक्सचे सबफोल्डर. मराठीत फोल्डरची नावं ठेवली असतील तर घाबरू नका, आमचा "बिले" नावाचा फोल्डर तिथे `&CSwJPwkyCUc-` असा दिसतो, आयमॅपमध्ये देवनागरी नावं अशाच सांकेतिक रूपात लिहिली जातात.

कॉपी करण्याआधी फोल्डर कॉम्पॅक्ट करून घ्या, कारण डिलीट केलेले मेल तोपर्यंत फाईलमध्येच पडून असतात आणि साईज उगाच फुगते. मग थंडरबर्ड पूर्ण बंद करा, चालू असताना कॉपी केलेली फाईल अर्धवट असू शकते. आणि पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाईल त्यावर जातच नाही, जागा मोकळी असली तरी, त्यामुळे ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस हवा. इनबॉक्स ही एकच फाईल असल्यामुळे हा अडथळा इथे हमखास येतो. एकच फाईल असण्याचा अजून एक धोका म्हणजे अँटीव्हायरसला आत एखादी संशयास्पद अटॅचमेंट सापडली तर काही अँटीव्हायरस अख्खी फाईलच उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतात, प्रोफाइलचा फोल्डर स्कॅनमधून वगळलेला बरा.

आता रिस्टोअर. नवीन होस्टिंगवर आलो तेव्हा नवीन अकाउंट रिकामं होतं. जुनी फाईल सरळ नव्या अकाउंटच्या `ImapMail` मध्ये टाकायचा मोह होतो, तो टाळा, कारण पुन्हा आरसाच, सर्व्हरवर ते मेल नाहीत. ती फाईल लोकल फोल्डरमध्ये टाकायची. थंडरबर्ड बंद, `Mail\Local Folders` मध्ये `INBOX` पेस्ट केली, नाव दिलं `juna-inbox`, सोबतच्या फोल्डरचं नाव पण त्याच पद्धतीने `juna-inbox.sbd` केलं (दोन्ही नावं जुळली नाहीत तर सबफोल्डर त्याच्याखाली दिसत नाहीत), आणि जुन्या `.msf` फाईल्स नेल्याच नाहीत. थंडरबर्ड चालू केल्यावर डावीकडे लोकल फोल्डरच्या खाली तो आला. पहिल्या क्लिकला बराच वेळ नुसतं फिरत होतं, सूची नव्याने बनत असते, त्या वेळी बंद करू नका. मग राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि मेलची संख्या बॅकअपच्या दिवशी लिहून ठेवलेल्या संख्येशी जुळवली. "बिले" लोकलमध्ये पण त्या विचित्र नावानेच आला, रीनेम केलं.

सर्व्हरवर सगळं परत चढवलं नाही. गेल्या दोन वर्षांचे मेल तेवढे निवडून नव्या अकाउंटमध्ये कॉपी केले, मूव्ह नाही, आणि थोडे थोडे करून, कारण अपलोड मध्येच तुटलं तर कुठपर्यंत गेले ते शोधत बसावं लागतं. बाकीचे लोकलमध्येच आहेत आणि तिथूनच काम होतं. परवा आमच्या सीए साहेबांनी २०२१ च्या एका खरेदीचं मूळ बिल मागितलं, पार्टीने मेलवर पाठवलेलं. वहिनींनी `juna-inbox` मध्ये पार्टीचं नाव टाकलं, पीडीएफ तशीच्या तशी, तारीख, पाठवणाऱ्याचा पत्ता सगळ्यासकट मिळाली. एमबॉक्समध्ये मेल मूळ हेडरसह राहतो, प्रिंट काढून ठेवण्यापेक्षा मला हेच जास्त भरवशाचं वाटतं.

एक काळजी मात्र घ्या. या फाईलला कसलंही कुलूप नाही, मोठ्या फाईल उघडणाऱ्या साध्या टेक्स्ट एडिटरने पण वाचता येते. आणि अख्खा प्रोफाइल कॉपी केलात तर `logins.json` आणि `key4.db` मध्ये मेलचे पासवर्ड पण जातात, प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो प्रोफाइल टाकून कोणीही ते बघू शकतं. म्हणून आम्ही फक्त `ImapMail` आणि `Mail` नेतो, आणि तो ड्राइव्ह बिटलॉकरने लॉक करून दुकानात नाही तर घरी ठेवतो.