रावेरहून आठ महिने: निफ्टी ऑप्शन्सचा बॉट आणि त्याच्यावरची पाळत

रावेरमध्ये माझे कृषी सेवा केंद्र आहे. बाजाराच्या वेळेत मी गल्ल्यावर असतो, त्यामुळे निफ्टीचे कॉल आणि पुट विकणारा माझा बॉट घरच्या लॅपटॉपवर एकटाच चालतो. त्याच्या लॉगची, पाळतीची आणि रोजच्या अहवालाची व्यवस्था मी आठ महिने वापरली आहे. हा अनुभव मुख्यतः त्या पाळतीचा आहे, नफ्यातोट्याचा नाही.

सुरुवातीला बॉट दर मिनिटाला लॉगमध्ये ‘running’ अशी एक ओळ लिहीत असे आणि ती दिसली की मी निश्चिंत होत असे. जूनमध्ये कपाशीच्या बियाण्याची गर्दी असताना एके दिवशी सकाळी 11:07 ला वीज गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, राउटरला मात्र इन्व्हर्टरची जोडणी नव्हती. दोन मिनिटांत वीज परतली आणि इंटरनेटही आले, पण भाव आणणारी वेबसॉकेटची जुनी जोडणी अर्धवट उघडी राहिली. समोरच्या सर्व्हरकडून काहीच येत नव्हते आणि आमच्या बाजूला ती तुटल्याची चूकही नोंदली जात नव्हती, कारण त्या जोडणीवर पिंगला उत्तर न आल्यास ती बंद करण्याची मुदत मी घातलीच नव्हती. बॉट 11:07 चाच भाव धरून बसला आणि ‘running’ लिहीत राहिला. 62 ला विकलेल्या पुटचा स्टॉप 93 ला होता, तोही फक्त बॉटच्या स्मरणात. 12:26 ला मी मोबाईल पाहिला तेव्हा भाव 118 होता.

तेव्हापासून मी प्रोसेस जिवंत आहे का हे पाहणे सोडले आणि शेवटचा भाव येऊन किती सेकंद झाले ते मोजू लागलो. दर मिनिटाला चालणारा तुकडा एवढाच आहे:

```python
age = time.monotonic() - last_tick
if not market_open() or age < 20:
    requests.get(PING_URL, timeout=5)
```

हा पिंग Healthchecks.io या, ठरल्या वेळी पिंग आला का हे पाहणाऱ्या सेवेकडे जातो. तेथे कालावधी एक मिनिट आणि सवलत दोन मिनिटे ठेवली आहे. तेवढ्यात पिंग पोहोचला नाही, तर टेलिग्रामवर इशारा येतो. बॉट अडला, लॅपटॉप बंद पडला किंवा घरचे इंटरनेट गेले, तरी इशारा बाहेरच्या सर्व्हरवरून निघतो, आणि या व्यवस्थेचे खरे मोल मला त्यातच वाटते. बाजार बंद असताना पिंग चालूच राहतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी खोटा इशारा येत नाही. त्यासाठी एक्स्चेंजच्या सुट्ट्यांची यादी मात्र दरवर्षी भरावी लागते.

वीस सेकंदांची मर्यादा निफ्टी निर्देशांकाच्या भावाला आहे. आधी मी ती विकलेल्या स्ट्राइकलाच लावली होती, पण दूरच्या स्ट्राइकमध्ये काही वेळा मिनिटभर व्यवहारच होत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात विनाकारण इशारे येत राहिले. केवळ निर्देशांक पाहणेही अपुरे ठरले. पुन्हा जोडणी झाल्यावर स्ट्राइकची मागणी नव्याने पाठवावी लागते आणि ती राहून गेली, तर निर्देशांक हलत असतो, आपला पुट मात्र गोठलेला असतो. म्हणून हातातल्या स्ट्राइकसाठी 120 सेकंदांची वेगळी मर्यादा आणि वेगळा पिंग ठेवला आहे.

स्टॉप आता ब्रोकरकडेच लावतो. ट्रिगर लागताच बाजारभावाने सौदा करणारी एसएल-एम ऑर्डर एनएसईने ऑप्शन्ससाठी 2021 मध्ये बंद केल्यामुळे ट्रिगर 93 आणि लिमिट 98 अशी ऑर्डर द्यावी लागते. भाव झपकन 98 च्या वर गेला, तर ट्रिगर लागूनही ऑर्डर पडून राहते. ट्रिगरनंतर दहा सेकंदांत सौदा झाला नाही, तर वेगळा संदेश यावा अशी सोय मी केली आहे.

दुपारी 3:45 चा अहवाल लहानच आहे: पाठवलेल्या, पूर्ण झालेल्या आणि नाकारलेल्या ऑर्डर, दिवसभरात भाव जास्तीत जास्त किती सेकंद थांबला, जोडणी किती वेळा नव्याने झाली, आणि बॉटच्या नोंदीतील पोझिशन ब्रोकरच्या पोझिशनशी जुळते का. सौदा झाला नसला तरी तो आलाच पाहिजे, कारण एरवी रिकामा दिवस आणि बंद पडलेला बॉट यांतला फरक कळणार नाही. सर्वांत उपयोगी आकडा भाव थांबल्याचा ठरला. तो रोज चार-पाच सेकंद असे, एका आठवड्यात चौदापर्यंत चढला आणि राउटरचा सैल झालेला अडॅप्टर बॉट अडण्याआधीच सापडला.

या व्यवस्थेची मर्यादा अशी की ती सांगते, सावरत नाही. इशारा आला की मी प्रथम ब्रोकरच्या ॲपमध्ये पोझिशन आणि स्टॉपची ऑर्डर दोन्ही तपासतो. बॉट त्यानंतरच पुन्हा सुरू करतो. आधी तो सुरू होताना स्वतःला रिकामा समजत असे आणि त्याच स्ट्राइकची दुसऱ्यांदा विक्री करण्याचा धोका होता. आता तो उठल्यावर प्रथम ब्रोकरकडून पोझिशन वाचतो, आणि ती न मिळाल्यास एकही ऑर्डर पाठवत नाही.