अँड्रॉइड 13 वर अडकलेला फोन आणि प्ले सिस्टम अपडेट: काही महिन्यांनंतर

कंपनीने माझ्या फोनला अपडेट देणं केव्हाच बंद केलंय. अँड्रॉइड 13 वर गाडी थांबली आणि सुरक्षा पॅचची तारीखही तिथेच गोठली. पण सेटिंग्जमध्ये ‘Google Play सिस्टम अपडेट’ अशी दुसरी एक तारीख असते. ती मात्र अजूनही अधूनमधून पुढे सरकते.

ही सोय 2019 मध्ये अँड्रॉइड 10 बरोबर आली. मीडिया कोडेक, टाइमझोनची माहिती, परवानग्या सांभाळणारा भाग असे सिस्टमचे तुकडे सुटे केले आणि प्ले स्टोअरमार्फत बदलता येतील असे बांधले. अँड्रॉइड 12 पासून त्यात एआरटीही आलं, म्हणजे ज्याच्यावर सगळी अ‍ॅप चालतात ते रनटाइम. मला फरक जाणवला तो याच तुकड्यामुळे.

अपडेट गुपचूप डाउनलोड होतं, पण फोन रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाही. महिनोन्‌महिने फोन बंदच न करणाऱ्यांकडे ते तसंच पडून राहतं. नक्की काय बदललं हे पाहायचं असेल तर फोन कॉम्प्युटरला जोडून रीस्टार्टच्या आधी आणि नंतर हे चालवा:

```
adb shell pm list packages --apex-only --show-versioncode
```

यादीत `com.google.android.art` समोरचा आकडा वाढला असेल तर नवं एआरटी लागू झालंय. माझ्याकडे त्या वेळी फोन चालू व्हायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. घाबरायचं कारण नाही. नवं रनटाइम आल्यावर सिस्टमचा कोड त्याच्यासाठी पुन्हा कंपाइल करावा लागतो. अ‍ॅपची पाळी नंतर येते, तीही फोन चार्जिंगला लावून निवांत पडलेला असताना. म्हणून पहिल्या दिवशी अ‍ॅप जड वाटली आणि रात्री चार्जिंगवर फोन कोमट लागला. त्यानंतर मात्र ती आधीपेक्षा चटकन उघडू लागली. एआरटी 13 मुळे काही फोनवर अ‍ॅप सुरू होण्याचा वेळ 30 टक्क्यांपर्यंत घटल्याचं गूगलने सांगितलं होतं. माझा फोन तेवढा पळत नाही, पण फरक कळतो.

अपडेट फसलं तर? मूळ प्रत सिस्टम विभाजनात जशीच्या तशी असते, नवी वेगळ्या जागी उतरते. फोन नीट सुरू झाला नाही तर तो जुन्यावर परत जातो. फॅक्टरी रीसेटनंतर ही तारीख मागे गेलेली दिसते तीही यामुळेच. अर्थात फोन सुरू होऊनही आत काही बिघडलं असेल, तर ते या राखणदाराला कळेलच असं नाही.

आता खरी मर्यादा. कर्नल, चिपचे ड्रायव्हर, मोडेमचं फर्मवेअर यांना हे अपडेट हातही लावत नाही. तिथली भोकं बुजवायला कंपनीचं पूर्ण अपडेटच लागतं. म्हणून तारीख पुढे सरकत असली तरी बँकेची अ‍ॅप मी या फोनवरून काढून टाकली आहेत; बाकी सगळं याच्यावरच चालतं.