धार बारीक गरम पाण्याची, आणि बदलली गेली गिझरची कॉइल

तक्रार साधी होती. बाथरूमच्या वॉल मिक्सरला थंड पाणी जोरात यायचं आणि गरम पाण्याची धार मात्र करंगळीएवढी. पाणी तापत होतं, चांगलं कढत येत होतं, फक्त बादली भरेपर्यंत वैताग यायचा. दुरुस्तीला आलेल्या माणसाने दोष शोधताना मिक्सरकडे पाहिलंही नाही. त्याने गिझर उघडला, तळातला पांढरा चुरा ओंजळभर काढून घरच्यांच्या पुढे धरला आणि सांगितलं, "टाकी क्षाराने भरलीय, कॉइल गेलीय, त्यामुळे पाणी पुढे जात नाही." कॉइल, थर्मोस्टॅट आणि टाकीला गंजापासून वाचवणारा रॉड बदलले, टाकी धुतली, आणि खरंच धार मोठी झाली. तीन आठवड्यांत ती पुन्हा बारीक झाली. तोच माणूस परत आला आणि म्हणाला, टाकी आतून संपलीय, आता नवा गिझर घ्या.

ही फसवणूक पचते, कारण पुरावा डोळ्यांसमोर असतो. चुरा खरा असतो, तो गिझरमधूनच निघालेला असतो. खोटा असतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. कॉइलचं काम पाणी तापवायचं, ढकलायचं नाही. कॉइलवर क्षाराचा थर चढला तर पाणी तापायला वेळ लागतो, गिझर आवाज करतो, शेवटी कॉइल जळते आणि पाणी गारच राहतं किंवा एमसीबी पडतो. पाणी कढत येतंय आणि धार तेवढी कमी आहे, याचा अर्थ कॉइल आपलं काम करते आहे.

साठवणीच्या गिझरमध्ये गरम पाणी बाहेर पडतं ते केवळ मागून थंड पाणी आत शिरतं म्हणून. थंड पाणी टाकीच्या तळाशी येतं. गरम पाणी वरच्या बाजूने उचललं जातं, कारण आउटलेटची नळी टाकीच्या आत वरपर्यंत गेलेली असते. क्षार बसतो तळाशी, कॉइलच्या भोवती. ओंजळभर चुऱ्याने टाकीतली वाट सहसा बंद होत नाही. त्यातल्या हलक्या पापुद्र्या मात्र पाण्याबरोबर बाहेर पडतात आणि पुढे जिथे पहिली जाळी लागते तिथे अडकतात. थंड पाण्याच्या वाटेवर असा गिझर नसतो, म्हणून तिकडची जाळी स्वच्छ राहते.

त्या घरात शेवटी एका दुसऱ्या प्लंबरने जे केलं, ते आधीच व्हायला हवं होतं. त्याने काही न उघडता दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेतलं. मिक्सरच्या थंड नळाने बादली 50 सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला 12 लिटर. थंड नळ पूर्ण बंद करून गरम नळाने तीच बादली भरायला 3 मिनिटं 20 सेकंद लागली, म्हणजे मिनिटाला 3 लिटर. मग त्याने त्याच गिझरवर चालणाऱ्या बेसिनचा नळ उघडला. तिथे गरम आणि थंड धार जवळपास सारखीच होती. इथेच गिझर निर्दोष सुटला. गिझरच अडला असता तर त्यावरचे सगळेच गरम नळ मंदावले असते. मिक्सरच्या तोंडाची जाळी आणि शॉवरही सुटले, कारण त्याच तोंडातून थंड पाणी जोरात येत होतं. उरला तो मिक्सरच्या गरम बाजूचा रस्ता.

थंड नळ बंद ठेवून मोजायचं, हे विसरू नका. काही घरांत थंड पाण्याचा दाब जास्त असतो आणि दोन्ही नळ उघडले की थंड पाणी गरम पाण्याला मागे रेटतं. एकटा गरम नळ उघडल्यावर धार चांगली आणि थंड उघडताच बारीक, असं होत असेल तर जाळी साफ करून उपयोग नाही. थंड पाणी पंपावरून आणि गिझरचं पाणी नुसत्या वरच्या टाकीवरून येत असेल तरी हा फरक राहणारच. वरच्या टाकीतलं पाणी नळापेक्षा एक मीटर उंच असेल तर दाब जेमतेम 0.1 बार मिळतो.

बेसिनसारखा दुसरा नळ नसेल तर गिझरच्या आउटलेटवर तपासावं लागतं. आधी वीज एमसीबीवरूनच बंद करा, नुसतं बटण दाबून भागत नाही. गरम नळ सोडून टाकीतलं पाणी कोमट होऊ द्या, नाहीतर हात भाजतील. गिझरला पाणी देणारा कॉक बंद करा, गरम नळ उघडा आणि धार थांबेपर्यंत थांबा. मग लाल खुणेच्या बाजूची कनेक्शन पाइप गिझरपासून सोडवा, तिथे एक मोकळी नळी लावून टोक बादलीत सोडा आणि कॉक पूर्ण उघडा. बादली थंड नळाइतक्याच वेळात भरली तर दोष गिझरच्या पुढे आहे. इथेच धार बारीक असेल तर निळ्या बाजूची पाइप सोडून कॉकवर मोजा. कॉकवर पाणी जोरात असून गिझरमधून बाहेर येत नसेल, तरच गिझर किंवा त्याच्या इनलेटवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दोषी. टाकी खरोखर तुंबल्याचा निर्णय या एकाच परिस्थितीत घ्यायचा, आणि त्यातही आधी व्हॉल्व्ह पाहायचा. तो उलटा बसवलेला नाही ना, त्यावरचा बाण गिझरकडे आहे ना, हे बघा.

आता मिक्सर. गिझरचा कॉक आणि बाथरूमची थंड लाइन, दोन्ही बंद करावे लागतात. एकच बंद केलं तर दुसरीकडून मिक्सरमध्ये पाणी येत राहतं. भिंतीतून निघालेल्या दोन आखूड नळ्यांवर, म्हणजे लेगवर, मोठ्या नटांनी मिक्सर धरलेला असतो. नटावर कापड गुंडाळून पाना लावा आणि दुसऱ्या हाताने लेग घट्ट धरा. नटाबरोबर लेगही फिरला तर भिंतीच्या आतला जोड सुटतो आणि गळती कित्येक दिवस कळत नाही. मिक्सर बाहेर आला की गरम बाजूच्या तोंडात जाळीचं वॉशर दिसतं. काही मिक्सरमध्ये जाळी आतल्या, पाणी एकाच दिशेने सोडणाऱ्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हसोबत असते. काहींमध्ये जाळीच नसते, आणि मग तोच कचरा नळाच्या मुठीखालच्या स्पिंडलमध्ये जाऊन बसतो.

त्या घरातली जाळी पाहण्यासारखी होती. दहा पैशांच्या नाण्याएवढी जाळी, तिच्यावर अंड्याच्या टरफलासारख्या पांढऱ्या पापुद्र्या एकावर एक चिकटलेल्या, आणि त्यांच्यामध्ये मोहरीएवढे काळे मऊ कण. पाणी जात होतं ते एका कडेच्या चंद्रकोरीएवढ्या फटीतून. शेजारची थंड बाजूची जाळी जवळपास नवी होती. भिंतीतल्या गरम लेगवर थेट बादली धरून थोडा वेळ कॉक उघडला तेव्हा ती 55 सेकंदांत भरली. म्हणजे भिंतीतली पाइपही मोकळी. टाइल फोडायचा सल्ला कुणी दिला असता तर तोही खोटाच ठरला असता.

पांढऱ्या पापुद्र्या व्हिनेगर आणि पाणी निम्मे निम्मे घेऊन त्यात अर्धा तास ठेवल्या की बुडबुडे येतात आणि त्या विरघळतात. तो पाण्यातला क्षार. पाणी तापतं तसा कॅल्शियमचा क्षार बाहेर पडतो, म्हणून तो गरम बाजूलाच साचतो. काळे कण विरघळत नाहीत. ते उष्णतेने कुजलेल्या रबरी वॉशरचे किंवा जुन्या कनेक्शन पाइपच्या आतल्या थराचे तुकडे असतात. ते दिसले तर गिझरच्या आउटलेटवरची पाइप बदला, नाहीतर महिनाभरात जाळी पुन्हा भरेल. वाळू किंवा गंज दिसला तर त्याचं मूळ वरच्या टाकीत किंवा लोखंडी पाइपमध्ये शोधायचं.

पहिल्या माणसाच्या कामानंतर धार वाढली कशी आणि पुन्हा घटली का, याचं उत्तर इथेच आहे. गिझर परत जोडताना त्याने मिक्सर काढून त्याची जाळीही साफ केली होती, फक्त ते बोलला नाही. बिलात ते कामच नव्हतं, होती ती कॉइल, थर्मोस्टॅट आणि रॉड. टाकी धुताना तळातला क्षार मोकळा झाला, लाइन न धुता मिक्सर जोडला गेला, आणि सुट्या पापुद्र्या थेट त्याच जाळीवर जाऊन बसल्या. जाळी परत बसवण्याआधी लेगमधून निदान दहा-पंधरा लिटर पाणी बादलीत वाहू द्यायचं असतं. दुसऱ्या प्लंबरने ते केलं, आणि जोडल्यावर मिक्सरच्या गरम नळाने बादली 58 सेकंदांत भरली.

म्हणून कुणी कॉइल बदला म्हणालं तर आधी बादली लावून वेळ लिहून ठेवा, बेसिनची वेळही लिहा आणि विचारा, "पाणी तापतंय ना? मग कॉइलने धार कशी कमी होते?" जुने भाग मागून घ्या, बिलात प्रत्येक काम वेगळं लिहायला सांगा. मिक्सर उघडला असेल तर तोही त्यात यायला हवा.

गॅसचा किंवा टाकी नसलेला विजेचा गिझर असेल तर हिशोब वेगळा आहे. जाता जाता पाणी तापवायचं असल्याने त्यांची धार थंडपेक्षा मुळातच कमी असते. तिथे तुलना थंड नळाशी नाही, त्याच गिझरच्या आधीच्या धारेशी करायची. इनलेटवरची बारीक जाळी मात्र तिथेही असते आणि तिथेही आधी तीच पाहायची.

एका प्रकाराकडे खास लक्ष ठेवा. धार वाढवून दाखवण्यासाठी काही जण सेफ्टी व्हॉल्व्हच्या आतला पडदा काढून टाकतात किंवा व्हॉल्व्हच काढून सरळ पाइप जोडतात. धार वाढते, गिऱ्हाईक खूश होतं. पण वरची टाकी रिकामी झाली की गिझरमधलं पाणी उलटं थंड लाइनमध्ये उतरतं, कॉइल कोरडी तापते, आणि जास्त दाब झाला तर तो सोडायला वाटच राहत नाही. काम झाल्यावर इनलेटवर तो व्हॉल्व्ह आहे ना, बाण गिझरकडे आहे ना, हे स्वतः बघा. मग गरम नळ उघडून हवा जाऊन अखंड धार येईपर्यंत थांबा, आणि त्यानंतरच एमसीबी वर करा.