'टू' की 'इंग': अर्थाचा नियम बरा की नामाची कसोटी?

इंग्रजीत एका क्रियापदापुढे दुसरं आलं, की ते 'इंग' लावून म्हणजे जेरंड घ्यायचं की 'टू' लावून म्हणजे इन्फिनिटिव्ह, हे ठरवायच्या दोन रीती आहेत. एक अर्थाची: अजून घडायचं असेल तर 'टू', प्रत्यक्ष अनुभवाचं असेल तर 'इंग'. दुसरी नामाची: पुढच्या क्रियापदाच्या जागी साधं नाम ठेवून वाक्य कसं उभं राहतं ते बघायचं.

अर्थाची रीत पटकन पटते. इच्छा पुढची, म्हणून 'आय वॉन्ट टू लर्न'. आनंद चालू कृतीचा, म्हणून 'आय एन्जॉय रीडिंग'. 'वाचायला आवडतं' या आपल्या बोलण्यामुळे 'एन्जॉय टू रीड' ओठांवर येतं, तेव्हा हा नियम चांगला आवर घालतो. या दोन क्रियापदांपुरती मी आजही त्याचीच मदत घेतो.

माझं मन उडालं ते 'लुक फॉरवर्ड टू'मुळे. याच्याइतकं भविष्याकडे डोळे लावून बसलेलं दुसरं काय असणार? पण नियमाप्रमाणे पत्राच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' लिहिलं, तर ते चूक ठरतं. नेमकं जिथे रोज काम पडतं तिथेच नियम उलटा पडावा, हे मला फार खटकलं.

इथे नाम ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय': 'टू' जागचा हलला नाही. म्हणजे तो शब्दयोगी अव्यय आहे, त्याच्यापुढे नामच लागतं, म्हणून 'मीटिंग यू'. आता 'वॉन्ट' घ्या: 'आय वॉन्ट युअर रिप्लाय'. नाम आलं आणि 'टू' गळून पडला. तो पुढच्या क्रियापदाचाच होता, म्हणून 'वॉन्ट टू मीट'. सवय झाल्याचं सांगणारं 'आय अ‍ॅम यूज्ड टू' याच कसोटीवर सुटतं: 'टू द नॉइझ', म्हणून 'टू लिव्हिंग अलोन'.

कसोटीला मर्यादा आहे. 'एन्जॉय' आणि 'वॉन्ट' दोघांपुढेही नाम थेट बसतं, त्यामुळे त्यांच्यातला फरक तिला दाखवता येत नाही. तो अर्थावरून किंवा पाठ करूनच ठेवावा लागतो.

'सजेस्ट' मात्र मला पुन्हा नामाकडेच ओढतो. सुचवलेली गोष्ट पुढे घडायची असते, तरी 'ही सजेस्टेड टू गो' चालत नाही. 'सजेस्टेड गोइंग' लागतं. माणूस मध्ये आला की गोंधळ वाढतो, कारण 'शी वॉन्टेड मी टू गो' अगदी बरोबर आहे, पण 'शी सजेस्टेड मी टू गो' नाही. नामाने बघितलं तर कारण दिसतं: 'सजेस्टेड अ प्लॅन टू मी' होतं, 'सजेस्टेड मी अ प्लॅन' होत नाही. 'सजेस्ट'च्या लगेच पुढे माणसाला जागाच नाही. मग 'शी सजेस्टेड दॅट आय गो' असं लिहायचं, किंवा 'दॅट आय शुड गो'.

तुम्ही अगदी नव्याने सुरुवात करत असाल तर अर्थाची रीत कदाचित सोपी वाटेल. पत्रं, ईमेल लिहिणाऱ्याला मात्र मी आधी नामाची कसोटीच हातात देईन.