हप्ता ठरलेला, कर्ज किती? PV फंक्शन की Goal Seek

दरमहा २०,००० एवढाच हप्ता परवडतो, व्याजदर वार्षिक ९ टक्के आणि मुदत २४० महिने आहे. तर जास्तीत जास्त किती कर्ज उचलता येईल, हा प्रश्न स्प्रेडशीटमध्ये दोन वाटांनी सुटतो. एक म्हणजे PV फंक्शन वापरणे. दुसरी म्हणजे PMT ने हप्ता काढून, तो २०,००० वर येईपर्यंत Goal Seek कडून कर्जाची रक्कम बदलवून घेणे.

पहिल्या वाटेत दर B1 मध्ये, महिने B2 मध्ये आणि हप्ता B3 मध्ये लिहून एकच सूत्र पुरते.

```
=PV(B1/12, B2, -B3)
```

उत्तर येते सुमारे २२,२२,८९९. हप्त्यामागचे वजाचिन्ह खिशातून जाणारा पैसा दाखवते. ते गाळल्यास हीच रक्कम ऋण दिसते, आणि ही चूक निदान डोळ्यांत भरते. दराला १२ ने भागायचे राहून गेले, तर मात्र उत्तर २,२२,२२२ येते, जे चुकीचे असूनही शांतपणे बसून राहते. एवढ्या लांब मुदतीत उत्तर हप्ता भागिले दर, म्हणजे २०,००० ÷ ०.०९, याच्याशी जुळत असेल, तर महिन्याच्या दराऐवजी वर्षाचा दर गेला आहे असे समजावे.

Goal Seek नेही हाच आकडा मिळतो, पण तो सेलमध्ये सूत्र म्हणून नव्हे, तर निव्वळ संख्या म्हणून उरतो. उद्या दर १० टक्के झाला, तर PV लगेच सुमारे २०,७२,४९२ दाखवते, तर Goal Seek पुन्हा चालवावे लागते. ते विसरले की जुनी रक्कम नव्या दराशेजारी तशीच राहते. मुदतींची तुलना करायची असेल, तर हा फरक फारच जाचतो. शेजारच्या स्तंभांत तोच दर, तोच हप्ता आणि वेगळे महिने लिहून PV चे सूत्र तिथे उतरवले, की १८० महिन्यांना १९,७१,८६८ आणि ३०० महिन्यांना २३,८३,२३२ हे आकडे एका नजरेत येतात. त्यांतून असे दिसते की १५ वर्षांची मुदत २० केल्यास कर्ज अडीच लाखांनी वाढते, पण २० ची २५ केल्यास फक्त सुमारे १,६०,००० ने, आणि दोन्ही वेळा भरणा मात्र १२,००,००० ने वाढतो. मुदत कितीही ताणली, तरी या दराने कर्ज २६,६६,६६७ च्या पलीकडे जात नाही, कारण तिथे सगळा हप्ता व्याजातच संपतो.

त्यामुळे माझा कौल PV कडे आहे, मात्र एका अपवादासह. कर्जाच्या टप्प्यांनुसार बदलणारे शुल्क किंवा विम्याचा भार हप्त्यातच धरलेला असेल, तर हप्ता स्वतःच कर्जावर अवलंबून राहतो आणि PV ला द्यायला निश्चित आकडा उरत नाही. अशा वेळी पूर्ण हिशेब मांडून Goal Seek लावणेच सोयीचे ठरते.