‘७० जीएसएम’ म्हणून आलेल्या वह्या : एका सत्रानंतरचा अनुभव

मे महिन्यात घरातल्या दोघांसाठी ऑनलाइन वह्या मागवल्या. मुलगा आठवीत, त्याच्यासाठी १७२ पानी एकेरी वह्यांचा १२ चा पॅक. मुलगी तिसरीत, तिच्यासाठी चौरेघी वह्यांचा ६ चा पॅक. आता दिवाळीची सुट्टी झाली आहे, निम्म्याहून जास्त वह्या भरल्या आहेत आणि विक्रेत्याशी झालेला वादही एकदाचा मिटला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. बांधणी, कव्हर, पिना यांबद्दल तक्रार नाही. एकही वही मधून सुटली नाही. माझं म्हणणं आहे ते कागदाच्या वजनाबद्दल, कारण पैसे मी त्याचेच जास्त मोजले होते.

माहितीत लिहिलं होतं : २४ × १८ सेंमी, १७२ पाने, ७० जीएसएम. शेजारीच त्याच आकाराच्या, ५६ ते ५८ जीएसएमच्या वह्या नगामागे सात-आठ रुपयांनी स्वस्त होत्या. मुलगा जेल पेनाने लिहितो आणि दाबून लिहितो. पाठपोट लिहिताना मागची अक्षरं पुढे दिसू नयेत, म्हणून मी जास्त पैसे देऊन ७० वाली घेतली. पहिल्या आठवड्यातच भूगोलाच्या वहीत मागचा नकाशा पुढच्या पानावर दिसायला लागला.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. हा हिशोब कोणालाही घरी करता येतो, म्हणून पूर्ण सांगते. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. १७२ पानी वहीत कागद ८६ असतात, कारण छापील आकडा दोन्ही बाजू धरून असतो आणि अनुक्रमणिकेचं पानही त्यातच मोजलेलं असतं. माझ्या वहीत कागद ८६ च भरले, तिथे खोट नव्हती. एका कागदाचं क्षेत्रफळ २४ × १८ म्हणजे ४३२ चौरस सेंटिमीटर. त्याला ८६ ने गुणलं की ३७,१५२ होतात, म्हणजे साधारण ३.७ चौरस मीटर. कागद खरोखर ७० जीएसएमचा असेल, तर नुसत्या आतल्या कागदाचं वजन २६० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. कव्हर वेगळं काढून मोजलं तर पिनांसकट २० ग्रॅम भरलं. म्हणजे पूर्ण वही २८० ग्रॅमची हवी. काट्यावर ती २२९ ग्रॅम भरली.

२२९ मधून २० वजा केले की उरले २०९. त्याला ३.७ ने भागलं की उत्तर येतं ५६. म्हणजे शेजारच्या स्वस्त वहीतलाच कागद मला ७० च्या भावात मिळाला होता.

इथे एक सावधगिरी. घरगुती काटा एखाद्या ग्रॅमने इकडेतिकडे होतो, म्हणून मी चार वह्या एकत्र ठेवून वजन केलं आणि चारने भागलं. पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा धरतो, त्याने वजन थोडं वाढतं. कारखान्यातही कागद दर वेळी नेमक्या आकड्याचा निघत नाही. त्यामुळे ७० च्या जागी ६७ किंवा ६८ निघाले, तर त्यावरून भांडायला जाऊ नका. ७० च्या जागी ५६ मात्र या कुठल्याही कारणाने येऊ शकत नाही. आणि जूनमधल्या दमट हवेत वजन वाढायलाच हवं होतं, इथे तर ते कमी भरलं होतं.

सगळ्यात जास्त राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या माहितीच्या पानावर सगळ्यात खाली, जिथे सहसा कोणी बघत नाही, तिथे वस्तूचं वजन दिलेलं होतं : २.८ किलो. १२ वह्या, म्हणजे वेष्टनासकट नगाला २३३ ग्रॅम. ७० जीएसएमच्या १२ वह्या ३.३ किलोच्या वर जायला हव्यात. म्हणजे वर ७० लिहायचं आणि खाली स्वतःच ५७ असल्याचं सांगायचं! कुरिअरचा खर्च वजनावर ठरतो, म्हणून खालचा आकडा खरा असावा लागतो. वरचा आकडा तपासणारं कोणी नसतं. त्यामुळे आता मी कुठलाही पॅक घ्यायच्या आधी हेच बघते : पूर्ण वजन, भागिले नग, वजा कव्हरचे २० ग्रॅम, भागिले एका वहीतल्या कागदाचं क्षेत्रफळ. मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होतं. ज्या विक्रेत्याने वजनच दिलेलं नाही, त्याच्याकडून मी घेत नाही.

तक्रार केली तेव्हा आधी उत्तर आलं की वेष्टन फोडलेला पॅक परत घेता येत नाही. वेष्टन न फोडता वही मोजायची कशी, याला उत्तर नव्हतं. काट्यावरच्या वहीचे फोटो, पट्टी लावून घेतलेल्या मापाचे फोटो आणि त्यांच्याच पानावरच्या वजनाचा स्क्रीनशॉट पाठवला. तरी ‘आकडा उत्पादकाने दिलेला आहे’ एवढंच म्हणत राहिले. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. त्यानंतर फोन आला आणि एका पॅकमागे दोन्ही दरांतला फरक खात्यात जमा झाला. रक्कम शंभराच्याही आत होती. पण १२ वह्यांमागे ६०० ग्रॅम कागद कमी देऊन पूर्ण पैसे घेणं मला चालत नाही, आणि दर जूनमध्ये हे किती घरांत होत असेल याचा विचार केला की ती रक्कम लहान वाटत नाही.

आता पुढचं, ज्याने माझं मत निम्म्याहून जास्त बदललं. गणेशोत्सवाच्या सुमारास मुलाला आणखी वह्या लागल्या, तेव्हा बाजारातल्या दुकानातून खऱ्या ७० जीएसएमच्या आणल्या. दुकानदार काकांच्या काट्यावरच एक वही ठेवली, २८२ ग्रॅम भरली. मागचं अक्षर पुढे दिसायचं जवळजवळ थांबलं. पण त्याच महिन्यात वर्गात शाईचं पेन सक्तीचं झालं आणि या जाड कागदावर शाई फुटायला लागली. प्रत्येक अक्षराच्या कडेला केसांसारख्या रेघा, आणि ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ तर भरूनच जायचे. ज्या ५६ च्या वहीवर मी एवढी चिडले होते, तिच्यावर तीच शाई स्वच्छ बसत होती.

काकांनी कारण सांगितलं : “ताई, शाई फुटणं कागदाच्या खळीवर असतं, वजनावर नाही.” कागद बनवताना त्याला स्टार्च वगैरेची खळ देतात, म्हणजे पाणी लगेच शोषलं जात नाही. ती कमी पडली की कागद कितीही जाड असो, शाई धाग्याधाग्यातून पसरते. मागचं पुढे दिसणं हे मात्र कागदाच्या जाडीवर आणि त्यातल्या भरावावर अवलंबून असतं. दोन दोष वेगळे, कारणं वेगळी, आणि जीएसएमचा आकडा फक्त दुसऱ्याबद्दल थोडंफार सांगतो. खळीबद्दल कुठल्याच पानावर एक शब्द नसतो. कागद वेगळ्या गिरणीतून आला की त्याच नावाच्या वहीचा पुढचा लॉट वेगळा वागू शकतो, म्हणून मी आता नवीन पॅकमधल्या एका वहीच्या शेवटच्या पानावर शाईच्या पेनाने दोन जाड रेघा ओढते. वाळल्यावर कडा सरळ असतील तरच बाकीच्या वह्यांवर नावं घालते.

वजनाचा दुसरा भागही आहे. ७० च्या सहा वह्या दप्तरात गेल्या की १.७ किलो होतात, ५६ च्या सहा १.४ किलोच्या आत राहतात. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं असा नियम आहे. २४ किलोच्या तिसरीतल्या मुलीला २.४ किलोत पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली सगळं बसवायचं असतं. तिच्यासाठी मी जाड कागद घेणार नाही. ती पेन्सिलनेच लिहिते, तिला शाईचा प्रश्नच नाही.

तिच्या वह्यांची अडचण आखणीची होती. पानावर फक्त ‘चौरेघी’ लिहिलेलं. आलेल्या वहीत चार रेघांच्या दोन संचांमध्ये मोकळी जागा जवळपास नव्हतीच, आणि मधला पट्टा ३ मिलिमीटरचा. तिच्या बाई ५ मिलिमीटरचा पट्टा आणि संचांमध्ये अंतर मागतात, कारण वरच्या ओळीतल्या g आणि y च्या शेपट्या खालच्या ओळीतल्या h आणि l च्या डोक्याला भिडतात. मुलगी शेपट्या आखडायला लागली होती. अक्षराचा आकार बिघडायला दोन आठवडे पुरले. हा पॅक न फोडलेल्या वह्यांसकट परत गेला, तेव्हा निदान वाद झाला नाही. विक्रेत्यांनी दोन रेघांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये द्यायला हवं. दुरेघीचंही तेच. मराठी लिहायला दुरेघी वही असते, अक्षर वरच्या रेघेला शिरोरेषेने टांगायचं असतं आणि मात्रा-वेलांटीला वर, उकाराला खाली जागा लागते. इंग्रजीसाठी आखलेली अरुंद दुरेघी त्यात चालत नाही, पण पानावर दोन्ही एकाच नावाने विकतात.

वयाच्या रकान्यात दोन्ही पॅकवर ‘३ वर्षांपुढे’ होतं. त्यावरून काही ठरवू नका. पहिलीला अंकांसाठी एक सेंटिमीटरचा चौकोन लागतो, पाचवीला अर्ध्या सेंटिमीटरचाही चालतो. वयापेक्षा इयत्ता आणि आखणीचं माप लिहिलं असतं तर निवडणं सोपं झालं असतं.

सध्या वह्यांचा हिशोब असा बसवला आहे : मुलीला ५६ ते ५८ जीएसएमच्या, अंतर मोजून घेतलेल्या चौरेघी आणि दुरेघी वह्या, दुकानातून, नगाला ४८ रुपयांनी. मुलाला भाषा आणि इतिहासाला तीच ५६ वाली, कारण शाई चांगली बसते. विज्ञान-भूगोलाला, जिथे आकृत्या पाठपोट येतात, तिथे काकांकडची ७० वाली, पण पेन्सिल आणि बॉलपेन वापरून. या ऑनलाइन पॅकला मी पाचपैकी तीन तारे दिले. ‘५६ जीएसएम, ४८ रुपये’ असं लिहून विकला असता तर साडेचार दिले असते आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मागवला असता.